लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाताना: विमानतळावरचे प्रश्न, उत्तरं आणि हातातली कागदपत्रं

पासपोर्टात दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा चिकटला की घरात सगळ्यांना वाटतं, अमेरिकेचं काम झालं. प्रत्यक्षात व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवसांसाठी घ्यायचं, हे त्या दारात बसलेला सीबीपीचा, म्हणजे कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन खात्याचा अधिकारी ठरवतो. बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत चांगली झाली म्हणून त्याच्यावर कोणतंही बंधन येत नाही. तो आपले प्रश्न पुन्हा विचारतो, आणि ती दोन-चार मिनिटं तुम्हाला स्वतःच निभावावी लागतात. लेक-जावई बाहेर दाराशी उभे असतात, आत येऊ शकत नाहीत.

नाशिकमधून अमेरिकेला जाणाऱ्यांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसतात ते आई-वडील. गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड, तसंच निफाड-दिंडोरीच्या गावांतूनही ते जातात, आणि त्यातले पुष्कळ जण लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी. म्हणून हा लेख त्यांच्यापुरताच ठेवला आहे. प्रश्न सगळ्यांना साधारण तेच येतात, पण बाळंतपणाला जाणाऱ्यांच्या वाटेत एक अवघड जागा आहे. तिच्याबद्दल आधीच नीट बोलून ठेवलेलं बरं.

उदाहरणासाठी निफाड तालुक्यातलं एक जोडपं डोळ्यांसमोर ठेवू. त्यांना अण्णा आणि माई म्हणू. अण्णांची द्राक्षबाग आहे, माई घर सांभाळतात. लेक न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि एच-१बी व्हिसावर सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. बाळंतपणाची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. एप्रिलची खरड छाटणी उरकून दोघं मेच्या मध्यात मुंबईहून निघतील, नेवार्कला उतरतील आणि १४ सप्टेंबरला परत निघतील, कारण ऑक्टोबर छाटणीच्या वेळी अण्णांना बागेत असणं भाग आहे.

निघण्याआधी: पातळ फाइल आणि एक कागद

जाड फाइल नेऊ नका. सातबारा, बँकेची पासबुकं, घरपट्टीच्या पावत्या अशी थप्पी माणसं घेऊन जातात. सातबारा मराठीत असतो, समोरच्या माणसाला तो वाचता येत नाही, आणि न मागता पुढे केलेली फाइल उगाच नवे प्रश्न उभे करते. अण्णांच्या फाइलमध्ये एवढंच हवं: दोघांचे पासपोर्ट, परतीच्या तिकिटाची छापील प्रत, प्रवास विम्याचा कागद, डीएस-१६० फॉर्मच्या पुष्टीपानाची प्रत, लेकीचं एक साधं पत्र आणि तिच्या पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स. पत्र कायद्याने लागतंच असं नाही, पण बोलताना इंग्रजी अडलं तर उपयोगी पडतं. जुन्या पासपोर्टात व्हिसा असेल तर तोही पासपोर्ट सोबत हवाच.

या सगळ्याच्या वर एक कागद ठेवा. मला विचाराल तर अख्ख्या फाइलपेक्षा त्याचं मोल जास्त आहे. त्यावर मोठ्या छापील इंग्रजी अक्षरांत लेकीचं पूर्ण नाव, घरक्रमांक आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता, तिचा आणि जावयांचा मोबाइल नंबर, तिचं काम आणि परतीची तारीख लिहा. तारखेत महिना अक्षरांनी लिहा. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहायची पद्धत आहे. आपण सहा सप्टेंबरसाठी ६/९ लिहिलं तर तिथला माणूस ते नऊ जून असं वाचतो. कागदाच्या दोन प्रती काढा, एक अण्णांच्या खिशात आणि एक माईंच्या पर्समध्ये. फाइल मोठ्या बॅगेत टाकून चेक-इन करू नका. इमिग्रेशन आधी होतं, बॅग त्यानंतर हातात येते.

आता डीएस-१६० बद्दल. व्हिसाच्या वेळी त्यात जे भरलं होतं ते अधिकाऱ्याला पडद्यावर दिसू शकतं. फॉर्म बहुतेक वेळा मुलाने, पुतण्याने किंवा एजंटाने भरलेला असतो आणि आई-वडिलांना त्यात काय लिहिलंय याची कल्पनाच नसते. फॉर्मात 'निवृत्त' लिहिलं असेल आणि अण्णा 'शेतकरी' म्हणाले, तर दोन्ही खरं असूनही गोंधळ उडतो. म्हणून निघायच्या आठवड्यात लेकीला व्हिडिओ कॉल करा आणि तो फॉर्म ओळीओळीने वाचून घ्या. मधल्या काळात तिचं घर बदललं असेल तर नवा पत्ता सांगायचा, आणि विचारलंच तर 'शी मूव्ह्ड' म्हणायचं. बदल लपवायची काहीच गरज नसते.

रांगेत आणि काउंटरवर

इमिग्रेशन होतं ते अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर. नेवार्कला उतरून पुढे डॅलसचं विमान पकडायचं असलं, तरी प्रश्नोत्तरं नेवार्कलाच होतात आणि पत्ता मात्र डॅलसचा सांगायचा असतो. अबुधाबीमार्गे एतिहादने जाणाऱ्यांचं अमेरिकन इमिग्रेशन अबुधाबीतच उरकतं. त्यामुळे कागद मुंबई सोडल्यापासूनच हाताशी हवेत, 'अमेरिकेत उतरल्यावर काढू' असं चालत नाही.

एका घरातले असाल तर काउंटरवर एकत्र जाता येतं. फोन बंद करून खिशात ठेवा. तिथे फोनवर बोलणं आणि फोटो काढणं मना आहे. व्हीलचेअर घेतली असेल तर ढकलणारा मदतनीस पुष्कळदा हिंदी-गुजराती बोलणारा असतो आणि चांगल्या मनाने तुमच्या वतीने उत्तरं देऊ लागतो. त्याला नम्रपणे थांबवा. तुम्ही का आलात हे त्याला माहीत नसतं, आणि त्याच्या तोंडून गेलेलं चुकीचं वाक्य तुमच्या नावावर लागतं.

बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, आणि बोलणं त्याच दरम्यान चालू असतं. इंग्रजी जमत नसेल तर अंदाजाने 'यस, यस' म्हणू नका. सगळ्यात जास्त नुकसान या 'यस'ने होतं, कारण प्रश्न 'तुम्ही इथे काम करणार का?' असाही असू शकतो. सरळ म्हणा, 'आय स्पीक मराठी, इंटरप्रिटर प्लीज.' दुभाषा फोनवर जोडून देतात. हिंदीचा लवकर मिळतो, मराठीसाठी थांबावं लागू शकतं. दुभाषा मागितल्याने तुमच्याबद्दल वाईट मत होत नाही.

प्रश्न आणि अण्णा-माईंची उत्तरं

पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: 'व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?' अण्णांचं उत्तर: 'टु व्हिजिट अवर डॉटर. शी इज हॅविंग अ बेबी इन जून.' एवढ्यावर थांबायचं. जावयाची कंपनी, धाकट्याचं लग्न, नायगारा पाहायचा बेत, यातलं काहीही न विचारता सांगायचं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर द्यायचं आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहायची. मधली शांतता आपल्याला अवघड वाटते. तो मात्र तेवढ्या वेळात पडद्यावरचं वाचत असतो.

दुसरा प्रश्न: 'हाऊ लाँग विल यू स्टे?' इथे पुष्कळ जण 'सिक्स मंथ्स' म्हणून मोकळे होतात, कारण सहा महिने मिळतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं. अधिकाऱ्याला विचारायचं असतं की तुमचा बेत किती दिवसांचा आहे. अण्णा म्हणतात, 'फोर मंथ्स. रिटर्न फ्लाइट सप्टेंबर फोर्टीन,' आणि तिकीट पुढे करतात. तिकीट चार महिन्यांचं आणि तोंडी उत्तर सहा महिन्यांचं असलं, की पुढचा प्रश्न हमखास 'का?' असा येतो.

मग 'व्हेअर विल यू स्टे?' आणि 'व्हॉट डज युअर डॉटर डू?' पत्ता पाठ म्हणायचा प्रयत्न करू नका, कागद दाखवा. लेकीचं काम मात्र दोघांनाही सांगता यायला हवं. अनेक घरांत वडिलांना मुलगी कोणत्या कंपनीत आहे हे माहीत असतं आणि आईला नसतं, आणि अधिकारी नेमकं आईला विचारतो. माईंनी निदान 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' आणि कंपनीचं नाव तोंडात बसवून घ्यावं.

'व्हॉट डू यू डू इन इंडिया?' हा प्रश्न तुम्ही परत जाल का, हे जोखण्यासाठी असतो. अण्णांचं उत्तर इथे फार भक्कम आहे: 'आय अ‍ॅम अ ग्रेप फार्मर.' आत्ता बाग कोण बघतंय असं विचारलं तर 'माय ब्रदर. बट आय मस्ट गो बॅक फॉर ऑक्टोबर प्रूनिंग.' नाशिकच्या द्राक्षाचं अख्खं वर्ष दोन छाटण्यांवर चालतं आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागायतदाराला बाग सोडता येत नाही. परत येण्याचं इतकं ठाम कारण प्रॉपर्टीच्या कागदांतूनही दिसत नाही. तुमचं कारण वेगळं असेल: दुकान, नोकरी, घरी वृद्ध आई, नातवंडांची शाळा. जे खरं आहे ते एका वाक्यात इंग्रजीत बसवून ठेवा. निवृत्त असाल तर 'रिटायर्ड' आणि आधी काय करत होता ते, म्हणजे 'रिटायर्ड फ्रॉम इंडिया सिक्युरिटी प्रेस' वगैरे. आपल्या पासपोर्टाची पुस्तिकासुद्धा नाशिकरोडच्या याच प्रेसमध्ये छापली जाते.

पैशांचं विचारलं तर सोबत किती डॉलर आहेत तो आकडा सांगा आणि खर्च लेक करणार आहे हेही सांगा. दोघांकडे मिळून दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोख किंवा तत्सम ऐवज असेल तर तो जाहीर करावाच लागतो. इतकी रक्कम नेण्यावर बंदी नाही, न सांगितली तर मात्र जप्त होऊ शकते.

अवघड जागा: 'बाळ कोण सांभाळणार?'

आपल्याकडे लेकीचं बाळंतपण करायला आई जाते, यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. अमेरिकन अधिकाऱ्याच्या नजरेत मात्र बी-२ व्हिसा भेटीसाठी, फिरण्यासाठी किंवा उपचारासाठी असतो, कामासाठी नाही. तिथे बाळ सांभाळायला पगारी बाई ठेवणं ही मोठी खर्चाची गोष्ट आहे. त्यामुळे 'आय अ‍ॅम गोइंग टु टेक केअर ऑफ द बेबी, माय डॉटर हॅज टु गो टु ऑफिस' असं कुणी म्हणालं, की त्याला त्यात एका नोकरीची जागा भरताना दिसते. पैसे घेणार नाही असं सांगूनही शंका पुरती जात नाही, कारण जे काम पैसे देऊन करून घ्यावं लागलं असतं ते तुम्ही करणार आहात, असा अर्थ त्यातून निघतो.

माईंनी काय म्हणावं? जे खरं आहे तेच: 'माय डॉटर इज हॅविंग अ बेबी. आय वाँट टु बी विथ हर.' नातवाला मांडीवर घेणं, लेकीला डिंकाचा लाडू करून घालणं याला कुणी नोकरी म्हणत नाही. थेट 'विल यू टेक केअर ऑफ द बेबी?' असंच विचारलं तर 'नो' म्हणून खोटं बोलू नका. 'शी इज ऑन मॅटर्निटी लीव्ह. शी विल टेक केअर. आय अ‍ॅम विथ हर अ‍ॅज मदर,' असं सांगा. अर्थात ते तसं असेल तरच.

म्हणजे खरी तयारी उत्तराची नाही, बेताची असते. लेकीची रजा तीन महिन्यांची, त्यानंतर ती कामावर रुजू होणार, आणि पाळणाघराचे पैसे वाचावेत म्हणून आई सहा महिने, मग सासूबाई सहा महिने, असा बेत असेल तर तो बी-२ व्हिसात बसवणं अवघड आहे, कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी. अधिकाऱ्याला फोन तपासायचा अधिकार असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आई आली की नॅनी बंद करू' असा लेकीचाच मेसेज सापडला तर तोंडचं उत्तर उलटतं. मेसेज पुसण्यापेक्षा लेक-जावयांशी आधी बोला, पाळणाघराची सोय त्यांनी आपली केलेली असू द्या, आणि मग तुमची भेट ही भेटच राहते.

याच्याच जोडीचा दुसरा धोका वारंवार जाण्याचा आहे. मागच्या वर्षी पावणेसहा महिने राहून आलात आणि तीन महिन्यांत पुन्हा दारात उभे राहिलात, तर 'तुम्ही इथेच राहता का?' हा प्रश्न रास्त ठरतो. वर्षाला इतकेच दिवस असा लिखित आकडा नाही, निर्णय अधिकाऱ्याच्या समाधानावर असतो. माझं मत सांगतो: जितके दिवस तिथे राहिलात त्याहून जास्त दिवस नाशकात काढल्याशिवाय पुढचं तिकीट काढू नये.

आतल्या खोलीत बसवलं तर

काही वेळा पासपोर्ट ठेवून घेतात आणि वेगळ्या खोलीत नेतात. त्याला सेकंडरी इन्स्पेक्शन म्हणतात. कारण साधंही असू शकतं, नावासारखं दुसरं नाव निघालं किंवा एखादी जुनी नोंद पाहायची आहे, एवढंच. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारू शकतात, म्हणून परतीची तारीख आणि बेत दोघांनाही सारखेच माहीत हवेत. खोलीत फोन बहुधा वापरू देत नाहीत. बाहेर थांबलेल्या लेकीला आधीच सांगून ठेवा की दोन-तीन तास लागले तरी घाबरायचं नाही. औषधाची वेळ झाली किंवा तहान लागली तर सांगा.

पुढ्यात सही करायला कागद आला आणि तो समजला नाही, तर दुभाषामार्फत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. प्रवेश नाकारायचं ठरलं तर साधारण दोन वाटा असतात. एकीत प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेऊन परत जाऊ देतात. दुसरीत तातडीने परत पाठवल्याचा आदेश निघतो, आणि त्याने पाच वर्षांची बंदी लागते. पहिली वाट द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात असतं, पण 'मला अर्ज मागे घेऊ द्या' अशी विनंती करता येते. खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर मात्र बंदी कायमची होऊ शकते. थोडक्यात, अडखळत दिलेलं खरं उत्तर निभावून जातं, सफाईदार खोटं नाही.

बॅगेतला खाऊ

इमिग्रेशन सुटलं की बॅगा घेऊन कस्टम्स. 'एनी फूड?' या प्रश्नाला आपल्याकडच्या आई-वडिलांचं उत्तर नेहमी 'यस'च असायला हवं, कारण बॅगेत चिवडा, कुरडया, गोडा मसाला, लोणचं असतंच. खाण्याची वस्तू जाहीर केली आणि ती चालत नसली तर ती काढून घेतात, दंड करत नाहीत. न सांगता सापडली तर दंड होतो. ताजी फळं, कढीपत्ता, मांस घेऊच नका. घरच्या बागेतल्या द्राक्षांचा एक घडसुद्धा नाही, विमानात खायला घेतलेलं सफरचंद उरलं असेल तर तेही नाही. अळीव हे बी असल्यामुळे सुटं नेलं तर विचारणा होऊ शकते. घरच्या डब्यांपेक्षा दुकानाचं सीलबंद, इंग्रजी लेबल असलेलं पाकीट लवकर सुटतं. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

घरी पोचल्यावर एक काम

पासपोर्टावर शिक्का प्रत्येक वेळी मारतातच असं आता राहिलेलं नाही. तुम्हाला किती दिवस दिले याची नोंद आय-९४ मध्ये असते. लेकीला दुसऱ्या दिवशी i94.cbp.dhs.gov या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकून दोघांची नोंद काढायला सांगा आणि तिची प्रत छापून ठेवा. पाहुण्यांना साधारण सहा महिने मिळतात, पण अधिकारी कमीही देऊ शकतो. दोघांच्या तारखा वेगळ्या पडल्याचंही घडतं, म्हणून माईंची नोंद अण्णांच्या नोंदीवरून गृहीत धरू नका. व्हिसावर २०३४ सालची तारीख असली तरी मुक्कामाची मर्यादा आय-९४ वरचीच. नावात, व्हिसाच्या प्रकारात किंवा तारखेत खात्याची चूक दिसली तर ती दुरुस्त करायला सीबीपीची डिफर्ड इन्स्पेक्शन नावाची कार्यालयं आहेत. घराजवळचं कार्यालय शोधून पासपोर्टसह संपर्क करायचा.

आजारपण किंवा तशाच कारणाने मुक्काम वाढवावा लागला, तर आय-९४ वरची तारीख उलटण्याआधी आय-५३९ हा अर्ज जायला हवा. परतताना बोर्डिंग पास टाकून देऊ नका, घरी आणून त्याच फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी अधिकारी मागच्या मुक्कामाबद्दल विचारतो, तेव्हा वेळेत परतल्याचा पुरावा हातात असतो.